घोड्यावरील तिरंदाजी

इतिहासाच्या तासास मोंगल स्वारांचें नांव निघालें, कीं कोणी तरी विद्यार्थी आम्हांस हटकून विचारतो, "गुरुजी, घोडा धांवत असतां बाण नेमका लागे तरी कसा?" ह्याचें उत्तर धनुष्यापासूनच द्यावें लागतें.

इंग्लंडच्या पायदळाचें लांकडी धनुष्य सुमारें सहा फूट लांब असे. घोड्यावर बसून तें इकडून तिकडे फिरवूं गेल्यास त्याचें खालचें टोंक घोड्याच्या मानेस अडखळेल. म्हणून मध्य आशियांतील स्वार सुमारें चार फुटांचें धनुष्य बाळगीत. परंतु नुसतें लांकूड एवढ्या आंखूड मापांत पूर्ण ओढलें तर मोडतें. तेव्हां लांकडाच्या पट्टीस आंतल्या अंगानें शिंग व बाहेरच्या अंगानें जनावराचे स्नायुतंतू सरसानें चिकटवीत. शिंग दाब सोसतें, तंतू ताण सोसतात. सरस मात्र ओलाव्यानें सुटतो. जपान्यांनीं निराळीच युक्ति काढली. त्यांचें धनुष्य सात फुटांहून लांब, पण मूठ खालून सुमारें तिसऱ्या हिश्श्यावर. त्यामुळें खालचा आंखूड भाग घोड्यावरून सहज फिरतो.

आंखूड धनुष्य पूर्ण ओढलें म्हणजे दोरीचा कोन अरुंद होतो, व तीन बोटांनीं ओढणाऱ्याचीं बोटें चिमटतात. ह्यास्तव हे स्वार दोरी आंगठ्यानें ओढीत, वर तर्जनी दाबीत, आणि आंगठ्यांत शिंगाची किंवा हाडाची अंगठी घालीत. ह्या रीतींत बाण धनुष्याच्या उजव्या अंगास राहतो, व तर्जनीची कड त्यास हलकेच धनुष्याकडे रेटते. हें रेटणें विसरलें, कीं घोड्याच्या दोन-चार उसळ्यांतच बाण खालीं पडतो.

आतां नेम. घोडा सेकंदास ३० फूट व बाण १५० फूट जातो, आणि निशाण वाटेपासून ३० फूट दूर आहे, असें धरूं. बाणास तेथवर पोंचण्यास सेकंदाचा पांचवा भाग लागतो. तेवढ्यांत घोड्यापासून मिळालेल्या गतीनें तो सहा फूट पुढेंही सरकतो. म्हणून निशाणाच्या अगदीं बरोबरीस येऊन सरळ सोडलेला बाण हुकतोच. तो सहा फूट आधीं सोडावयास हवा. अंतर दुप्पट झालें, कीं चूकही दुप्पट!

हें गणित अंगवळणी पाडणारा एक खेळ ईजिप्तच्या ममलूक स्वारांत होता. त्यास कबक, म्हणजे भोपळा, म्हणत. तेराव्या शतकांत सुलतान बैबर्स ह्यानें कैरो येथें त्यासाठीं मैदान तयार करविलें. उंच खांबाच्या माथ्यावर भोपळा बसवीत. स्वार भरधांव येई आणि लगाम सोडून, रिकिबींत उभा राहून, कंबर वळवून वर बाण मारी. बाण खांबाच्या पुढें गेला तर सोडण्यास उशीर झाला, मागें राहिला तर घाई झाली, हें त्याचें त्यासच दिसे. कधीं भोपळ्यांत कबुतर ठेवीत; तें उडालें, म्हणजे नेम लागला हें पाहणारांस दुरूनच कळे.