निरोप फोनपाशी येऊन अडतो तेव्हा

पाठवणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एकच करडी टिक दिसते. घेणाऱ्याचा फोन चालू आहे, वायफाय आहे, तरी तासन्‌तास दुसरी टिक उमटत नाही. मग घेणारा सहज अ‍ॅप उघडतो आणि सकाळपासूनचे सगळे निरोप एकदम येऊन पडतात. दोष नेटवर्कला दिला जातो. पण अ‍ॅप उघडताच निरोप येत असतील, तर नेटवर्क ठीक आहे. अडवणूक फोनच्या आत चालली आहे, आणि ती बॅटरी वाचवण्यासाठी मुद्दाम केलेली आहे.

प्रत्येक अ‍ॅपने आपल्या सर्व्हरशी कायम जोडणी ठेवली तर बॅटरी भराभर उतरेल. म्हणून अँड्रॉइड फोनवर सहसा सगळ्या अ‍ॅपसाठी गूगलची एकच जोडणी उघडी असते. तिचं नाव फायरबेस क्लाउड मेसेजिंग. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन सगळ्या घरांची टपाल घेतो, तसं तिचं काम. निरोप आला की ही सेवा झोपलेल्या अ‍ॅपला उठवते, अ‍ॅप निरोप उतरवून घेतं आणि मग घंटी वाजते.

या साखळीत दोन ठिकाणी अडथळा येतो. पहिला ‘डोझ’चा. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून, चार्जरला न लावलेला फोन स्क्रीन बंद करून बराच वेळ हलवला नाही, तर तो गाढ झोपतो. अधूनमधून थोडा वेळ जागा होतो, साचलेली कामं उरकतो आणि पुन्हा झोपतो. या जागं होण्यातलं अंतर हळूहळू वाढत जातं. सर्व्हरने निरोपावर ‘तातडीचा’ असा शिक्का मारला असेल तर तो झोपेतूनही आत येतो. साध्या शिक्क्याचा निरोप मात्र पुढच्या जागेची वाट पाहतो.

दुसरा अडथळा जास्त त्रासाचा. सेटिंगमधून एखादं अ‍ॅप Force stop केलं, तर ते पुन्हा उघडेपर्यंत तातडीचा निरोपही त्याला उठवू शकत नाही. हा अँड्रॉइडचा नियमच आहे आणि तो योग्यही आहे. माणसाने बंद केलेलं अ‍ॅप आपोआप उठता कामा नये. गैर हे, की काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली स्वतःच अ‍ॅपची अशी अवस्था करतात. काहींवर अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून अ‍ॅप बोटाने सरकवून काढलं तरी तेच होतं. फोन ‘स्वच्छ’ ठेवण्याची सवय असलेली माणसं यात हमखास सापडतात.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंची तक्रार हीच होती. परदेशातल्या मुलीचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल वाजतच नसे. त्यांचा फोन आम्ही चार्जरवरून काढून, स्क्रीन बंद करून, टेबलावर तासभर तसाच ठेवला आणि दुसऱ्या फोनवरून निरोप पाठवला. टिक एकच. मग फक्त स्क्रीन उघडली, अ‍ॅप उघडलं नाही. निरोप इथे आला असता तर संशय डोझवर गेला असता. तो आला नाही. अ‍ॅप उघडल्यावरच आला, म्हणजे अ‍ॅपच थांबवलेलं होतं. ही चाचणी करताना संगणकावरचं व्हॉट्सअ‍ॅप आधी लॉग आउट करावं, कारण निरोप तिथे पोचला तरी दुसरी टिक उमटते. आणि दोन टिका येऊनही आवाज नसेल, तर बॅटरीचा संबंध नाही. नोटिफिकेशन किंवा म्यूटची सेटिंग पाहावी.

काकूंच्या फोनवर Settings मधल्या Apps मध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅपच्या Battery या पानावर Unrestricted निवडलं. काही फोनवर त्याला No restrictions म्हणतात. त्यांच्या फोनवर Autostart हे वेगळं बटणही होतं आणि ते बंद होतं. ते चालू केल्यावरच खरा फरक पडला. सॅमसंगवर Deep sleeping apps ही यादी बघावी; त्यात गेलेलं अ‍ॅप उघडल्याशिवाय चालत नाही.

ही मोकळीक ज्याचा कॉल चुकला तर खरोखर अडचण होईल, अशा दोन-तीन अ‍ॅपपुरतीच ठेवावी. खरेदीच्या आणि खेळांच्या अ‍ॅपना बॅटरीचे नियम लागू राहिलेलेच बरे. फोनचं मोठं अपडेट आलं की हे पान एकदा पुन्हा उघडून पाहावं, कारण काही फोनवर त्यानंतर निवड मूळ जागी परत गेलेली असते.