फोटो आला, प्रश्न नाही

सप्टेंबर-ऑक्टोबरात विदर्भ-मराठवाड्यातल्या कृषी सल्लागाराच्या फोनवर सकाळीच कपाशीच्या लालसर पानाचा फोटो येऊन पडतो. खाली एक शब्द नाही. पाठवणारा शेतात उभा आहे, हात मातीचे आहेत, टाईप करायचा कंटाळा आहे. त्याच्या मते फोटोतच सगळं आलं. आता उत्तर काय द्यायचं?

‘काय विचारायचं आहे?’ हे सर्वांत सोपं उत्तर. पण ते शेतकऱ्याला तोडून टाकल्यासारखं वाटतं. फोटो पाठवला तरी याला दिसत नाही का, असं मनात येऊन तो गप्प बसतो आणि थेट कृषी सेवा केंद्र गाठतो. दुसरं टोक म्हणजे फोटो पाहताच औषधाचं नाव सांगून मोकळं होणं. यात धोका जास्त, कारण ‘लाल्या’ हे लक्षणाचं नाव आहे, कारणाचं नाही.

पान लाल होतं ते हिरवं द्रव्य कमी होऊन लाल रंगद्रव्य वर आल्यामुळे. तसं का झालं, याची उत्तरं मात्र अनेक. मॅग्नेशियम कमी पडलं तर सुरुवात खालच्या, जुन्या पानांपासून होते. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लाल होतो. तुडतुडे असतील तर पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लालसर होतात आणि खाली वळतात. पान उलटलं की तिरके चालणारे हिरवट पिल्लू दिसतात. शेतात पाणी साचलं, तर मुळांना अन्न उचलता येत नाही आणि त्यानेही पानं लालसर होतात. बोंडं भरत आली आणि रात्री गार होऊ लागल्या, तर पिकाचं वय झालं एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पहिल्यात मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं, दुसऱ्यात किडीचं बघायचं, तिसऱ्यात चर काढून पाणी बाहेर काढायचं आणि चौथ्यात खर्चच करायचा नाही. शिवाय संध्याकाळच्या उन्हात काढलेल्या फोटोत हिरवं पानही तांबूस दिसतं.

म्हणून अशा वेळी जाणता सल्लागार दोन वाक्यांत उत्तर देतो. ‘भाऊ, पानाच्या कडा लाल झाल्यात आणि खाली वळल्यात, एवढं दिसतंय. पान उलटून खालच्या बाजूचा एक फोटो पाठवता का?’ पहिल्या वाक्यात फक्त जे दिसतं ते आहे, निदान नाही. त्याने शेतकऱ्याला कळतं की फोटो नीट पाहिला गेलाय, आणि समज चुकली असेल तर तो लगेच सांगतो, ‘अहो, मी खालच्या डागाबद्दल विचारत होतो.’ दुसऱ्या वाक्यात एकच प्रश्न आहे, तोही ज्याच्या उत्तराने उपाय बदलेल असा. जात कोणती, पेरणी कधी, खत किती, पाऊस केव्हा, अशी यादी एकदम पाठवली की बहुतेक वेळा एकाचंही उत्तर येत नाही. आणि उत्तर टाईप करण्यापेक्षा अजून एक फोटो काढणं शेतात सोपं असतं.

पण प्रत्येक फोटोला प्रश्न विचारायचा नसतो. समजा, न उमललेलं, पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबासारखं दिसणारं कपाशीचं फूल आलं. ही डोमकळी. गुलाबी बोंडअळी पाकळ्या रेशमी धाग्याने बांधून आत बसते, म्हणून फूल उघडत नाही. इथे ‘नेमकं काय हवंय?’ असं विचारणं म्हणजे वेळ घालवणं. ही डोमकळी आहे, अशी फुलं तोडून अळीसकट नष्ट करा आणि हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, एवढं सांगून टाकावं. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर फवारणीचा विचार करावा. आणि टपोऱ्या बोंडांनी लगडलेल्या झाडाचा फोटो आला, तर बहुधा त्यात प्रश्नच नसतो. ‘बोंडं छान भरलीत’ एवढं पुरतं.

निवड करायची कसोटी साधी आहे. फोटोचे दोन अर्थ होत असतील आणि त्या दोन अर्थांनी हातून होणारं काम वेगळं होणार असेल, तर विचारा. अर्थ एकच असेल, किंवा चुकलो तरी काही बिघडणार नसेल, तर थोडक्यात सांगा. चुकीची फवारणी पैसेही घेते आणि मित्रकीडही मारते, म्हणून शंका असताना औषधाचं नाव फोनवर टाईप करू नये.

शेतकऱ्यांनाही एक विनंती. फोटो पाठवताना तीन पाठवा: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू आणि खालची बाजू. त्याबरोबर पेरणीची तारीख आवाजातच सांगून टाका. मग सल्लागाराला अर्धे प्रश्न विचारावेच लागणार नाहीत.