झाडाच्या कडेने एक फेरी

संगणकात माहिती साठवण्याच्या अनेक रचना आहेत. त्यांतली बायनरी ट्री कागदावर काढून दाखवता येते, म्हणून ती लवकर समजते. हे झाड उलटे असते, मूळ वर आणि पाने खाली. त्यातल्या प्रत्येक बिंदूला नोड म्हणतात. एका नोडला जास्तीत जास्त दोन मुले असतात, एक डावे आणि एक उजवे. सर्वांत वरचा नोड म्हणजे रूट आणि ज्याला एकही मूल नाही ते पान.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना या झाडावरचा एक प्रश्न कधी ना कधी भेटतोच. झाडाच्या कडेवर असलेले सगळे नोड क्रमाने सांगायचे: आधी रूट, मग डावी कड वरून खाली, मग सगळी पाने डावीकडून उजवीकडे आणि शेवटी उजवी कड खालून वर. या फेरीला बाउंड्री ट्रॅव्हर्सल म्हणतात. शेतकरी बांधाबांधाने शेताला फेरी घालतो तशीच ही फेरी. बांधावरून चालणे सोपे असते, पण कोपऱ्यातला दगड दोन बांधांचा असतो आणि मोजताना तोच दोनदा मोजला जातो. या प्रश्नातली अवघड जागाही तीच आहे.

एक झाड घेऊ.

```
            ५०
         /      \
       ३०        ७०
         \      /   \
         ४०    ६०    ८०
        /  \   / \   /
      ३५   ४५ ५५ ६५ ७५
           /
          ४२
```

डाव्या कडेपासून सुरुवात करू. ५० च्या डावीकडे ३० आहे. ३० ला डावे मूल नाही, पण उजवीकडे ४० आहे. इथे बरेच जण चुकतात. ‘डावी कड’ म्हटल्यावर ते फक्त डावीकडे जात राहतात आणि ३० वरच थांबतात. नियम असा आहे: डावे मूल असेल तर तिकडे जा, नसेल तर उजव्या मुलाकडे जा, आणि पान आले की थांबा. म्हणून ४० सुद्धा डाव्या कडेवर येतो. त्याच्या डावीकडचा ३५ हे पान आहे, त्यामुळे वाट तिथे संपते. डावी कड झाली ३०, ४०. पायथॉनमध्ये एवढाच भाग असा लिहिता येतो:

```python
n = root.left
while n and not is_leaf(n):
    out.append(n.val)
    n = n.left or n.right
```

३५ आपण मुद्दाम डाव्या कडेत धरला नाही. पुढच्या टप्प्यात सगळी पाने गोळा करताना तो येणारच आहे. कोपऱ्यातला दगड कोणी मोजायचा हे अशा रीतीने आधीच ठरते: पान असेल तर ते नेहमी पानांच्या टप्प्यात, कडेच्या टप्प्यात कधीच नाही.

आता पाने. प्रत्येक नोडवर आधी डाव्या बाजूचे सगळे उपझाड पाहायचे, मग उजव्या बाजूचे, आणि मुले नसलेला नोड दिसला की तो टिपायचा. आपल्या झाडात क्रम येतो ३५, ४२, ५५, ६५, ७५. यात ४२ कडे लक्ष द्या. तो इतर पानांपेक्षा एक पातळी खाली आहे, तरी क्रमात दुसरा आहे. झाड एकेका पातळीने वाचत गेलो असतो, तर ३५, ५५, ६५, ७५ आधी मिळाले असते आणि ४२ सर्वांत शेवटी. सगळी पाने एकाच पातळीवर असलेल्या झाडावर तपासले, तर ही चूक लपून राहते.

उजवी कड म्हणजे डाव्या कडेचे आरशातले रूप. उजवे मूल असेल तर तिकडे, नसेल तर डावीकडे. ७० वरून ८० कडे जातो. ८० ला उजवे मूल नाही आणि डावीकडचा ७५ हे पान आहे, म्हणून थांबतो. उतरताना ७०, ८० असे मिळाले, पण फेरी आता वर चढते आहे, म्हणून यादी उलटी करायची: ८०, ७०.

पूर्ण उत्तर: ५०, ३०, ४०, ३५, ४२, ५५, ६५, ७५, ८०, ७०. बारापैकी दहा नोड आले. ४५ आणि ६० राहिले, कारण ते पानही नाहीत आणि कोणत्याही कडेवरही नाहीत.

रूटचा कोपरा मात्र वेगळा पाहावा लागतो. वरच्या झाडातून ३० आणि त्याखालचे सगळे नोड काढून टाकले असे समजा. आता रूटला डावे मूल नाही. डावी कड शोधायला कोणी ५० पासूनच सुरुवात केली, तर ‘डावे नसेल तर उजवे’ हा नियम त्याला ७० वर नेतो आणि तिथून ६० वर. मग ७० दोनदा येतो, एकदा डाव्या कडेत आणि एकदा उजव्या कडेत. शिवाय आत असलेला ६० विनाकारण यादीत शिरतो. म्हणून डाव्या कडेची सुरुवात रूटच्या डाव्या मुलापासून करायची. ते मूल नसेल तर डावी कड रिकामी. मग बरोबर उत्तर येते: ५०, ५५, ६५, ७५, ८०, ७०.

दुसरी अडचण एकाच नोडच्या झाडाची. तिथे रूट हेच पान असते, त्यामुळे ते सुरुवातीला रूट म्हणून आणि नंतर पान म्हणून असे दोनदा छापले जाते. रूट स्वतःच पान असेल तर ते एकदा देऊन तिथेच थांबायचे.

उत्तरात नोड दोनदा येताना दिसला, की शेवटी सारख्या किमती गाळून टाकाव्यात असा मोह होतो. आकडे वेगवेगळे असतील तोवर हे चालते. पण ४२ च्या जागी ३० ही किंमत असलेले पान असते, तर? बाउंड्री ट्रॅव्हर्सलसाठी किमती वेगळ्याच असाव्यात अशी अट नाही. गाळणी लावली तर ते पान गायब होईल, कारण ३० हा आकडा डाव्या कडेत आधीच आलेला आहे. किंमत सारखी असली तरी नोड दोन आहेत आणि दोन्ही उत्तरात हवेत. तेव्हा नोडची किंमत न पाहता त्याची झाडातली जागा पाहूनच निर्णय घ्यायचा.

या कामाला वेळ किती लागतो? पाने शोधताना प्रत्येक नोड एकदा पाहावा लागतो. दोन्ही कडांचे चालणे फार तर झाडाच्या उंचीइतके. म्हणजे वेळ नोडच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, आणि उत्तराची यादी सोडली तर लागणारी जागा उंचीच्या प्रमाणात. झाड पसरट असेल तर उंची थोडीच असते. पण प्रत्येक नोडला एकच मूल असेल, तर झाडाची साखळी होते. पाने गोळा करणारे फंक्शन स्वतःलाच हाक मारत खाली उतरत असेल, तर पायथॉनमध्ये अशा साधारण १००० हाकांनंतर `RecursionError` येतो, कारण नेहमीची मर्यादा तेवढीच ठेवलेली आहे. अशा वेळी आपला स्वतःचा स्टॅक वापरावा आणि त्यात आधी उजवे मूल टाकून मग डावे टाकावे. स्टॅकमधून शेवटी टाकलेले आधी बाहेर येते, त्यामुळे पानांचा डावीकडून उजवीकडे असा क्रम टिकतो.

आपला प्रोग्राम बरोबर आहे का हे पाहायला चार छोटी झाडे पुरतात: एकाच नोडचे, डावे मूल नसलेल्या रूटचे, पाने वेगवेगळ्या पातळ्यांवर असलेले आणि एकच किंमत दोन ठिकाणी असलेले. पहिल्या दोनांत रूटचा कोपरा तपासला जातो, तिसऱ्यात पानांचा क्रम, आणि चौथे झाड सारख्या किमती गाळण्याची पळवाट उघडी पाडते.