कवितेच्या पाठाचे त्रिस्तरीय नियोजन

कवितेच्या पाठाचे त्रिस्तरीय नियोजन म्हणजे भाषेच्या वर्गातील कवितेच्या अध्यापनाची वाचनपूर्व, वाचनकालीन आणि वाचनोत्तर अशा तीन टप्प्यांत केलेली आखणी होय. पहिल्या टप्प्यात विद्यार्थ्याला कवितेच्या उंबरठ्यापर्यंत आणले जाते, दुसऱ्यात तो कविता ऐकतो व वाचतो आणि तिसऱ्यात आपल्याला जाणवलेले तो स्वतःच्या शब्दांत मांडतो. कोणती माहिती आधी द्यायची आणि कोणती विद्यार्थ्याने कवितेतूनच शोधावी म्हणून राखून ठेवायची, हा या नियोजनातील कळीचा निर्णय असतो.

## पूर्वपीठिका

हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पंचपदीवर महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांमध्ये पाठ टाचणाची रीत दीर्घकाळ आधारलेली होती. प्रस्तावना, हेतुकथन, शिक्षकाचे आदर्श वाचन, आशयावरील प्रश्न आणि स्वाध्याय असा तिचा सर्वसाधारण क्रम असे. या क्रमात कवितेचा अर्थ बहुधा शिक्षक सांगे. त्रिस्तरीय नियोजनात अर्थ लावण्याचे काम विद्यार्थ्याकडे सोपवले जाते. अमेरिकन अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी 1938 पासून मांडलेला विचार या भूमिकेला जवळचा आहे. कविता छापील ओळींत तयार स्वरूपात नसते, ती वाचक आणि संहिता यांच्या भेटीत घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

## नियोजनाची सुरुवात

टप्पे वर्गात क्रमाने येत असले, तरी आखणी मधूनच सुरू करणे सोयीचे ठरते. कविता कोठे वळते, हे शिक्षकाने प्रथम निश्चित करावे लागते. कुसुमाग्रज (वि. वा. शिरवाडकर, 1912–1999) यांची ‘कणा’ ही कविता उदाहरणादाखल घेता येते. पुरात घर गमावलेला एक माजी विद्यार्थी भर पावसात आपल्या शिक्षकाकडे येतो आणि झालेली हानी हसतमुखाने सांगतो. शिक्षकाचा हात खिशाकडे जातो, तेव्हा तो पैसे नाकारून केवळ पाठीवर हात ठेवण्याची विनंती करतो. खिशाकडे जाणारा हात हे या कवितेचे वळण आहे. त्यामुळे पाहुणा कशासाठी आला आहे, हे वाचनापूर्वी वर्गाला कळू न देणे ही नियोजनातील पहिली अट ठरते.

## वाचनपूर्व टप्पा

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत या टप्प्याला सहा ते सात मिनिटे पुरतात. पुस्तके मिटलेली असावीत आणि शीर्षक फळ्यावर लिहू नये. विद्यार्थ्यांना एकच प्रश्न दिला जातो: “मोठे संकट आल्यावर एखादा माणूस जुन्या ओळखीच्या व्यक्तीकडे गेला, तर तो तिच्याकडून काय अपेक्षील?” प्रत्येकाने वहीत दोन ओळी लिहायच्या असतात. त्यांवर या वेळी चर्चा होत नाही, कारण या ओळींकडे वर्गाला शेवटी परतायचे असते.

प्रश्न तृतीय पुरुषात ठेवण्यामागे कारण आहे. 2019 चा कोल्हापूर-सांगली भागातील किंवा 2021 चा चिपळूणचा पूर अनुभवलेली मुले वर्गात असू शकतात. “तुमच्या घरी पाणी आले होते का?” असे विचारल्यास त्यांच्यावर सर्वांसमक्ष बोलण्याची सक्ती होते.

ज्या शब्दांवाचून वाचन अडेल, तेवढेच शब्द आधी समजावावेत. ‘माहेरवाशीण’ हा शब्द शहरी मुलांना अपरिचित असू शकतो, तर ‘कारभारीण’ म्हणजे पत्नी हे न कळल्यास ती एखादी अधिकारी स्त्री वाटते. ‘प्रसाद’ हा शब्द मात्र मुलांना ठाऊक असतो. कवितेत तो कोणत्या विपरीत अर्थाने आला आहे, हे शोधण्याचे काम त्यांच्यासाठी राखून ठेवावे.

## वाचनकालीन टप्पा

पहिले वाचन शिक्षकाचे असते. पुस्तके मिटलेलीच राहतात. हात खिशाकडे जातो त्या ठिकाणी वाचन एकदाच थांबते आणि पुढे काय घडेल, असे विचारले जाते. दोन-तीन उत्तरे ऐकल्यावर शिक्षक कोणतेही भाष्य न करता कविता आरंभापासून अखेरपर्यंत सलग वाचतो. कविता आधीच वाचलेल्या विद्यार्थ्यांना पुढे काय होते हे माहीत असते. त्यांना “शिक्षकाचा कोणता समज झाला असावा?” असे विचारता येते. प्रत्येक ओळीनंतर थांबून अर्थ सांगितल्यास लय तुटते आणि पाहुण्याच्या सलग बोलण्यातील धीर ऐकू येत नाही.

दुसरे वाचन मूक असते आणि त्यासाठी तीन शोधकामे दिली जातात. नदीसाठी वापरलेले पाहुणचाराचे शब्द अधोरेखित करायचे. काय गेले व काय उरले, यांची दोन रकान्यांत नोंद करायची. तिसरे काम म्हणजे शिक्षक संपूर्ण कवितेत किती बोलतो, हे पाहायचे. तो एक शब्दही बोलत नाही, त्याची केवळ एक कृती दिसते, हे विद्यार्थ्यांना स्वतः सापडते. नदीवर मानवी वर्तनाचा आरोप झालेला त्यांनी पाहिल्यानंतरच ‘चेतनगुणोक्ती’ हे अलंकाराचे नाव द्यावे. नाव आधी दिल्यास शोध संपतो आणि पाठांतर सुरू होते.

या टप्प्यातील आकलनाची चूक उत्तरांवरून ओळखता येते. “कविता पुराविषयी आहे” असे कोणी म्हटले, तर तो घटनेपाशीच थांबलेला असतो. “नदी आनंदाने भेटायला आली” असे म्हटले, तर त्याला उपरोध ऐकू आलेला नसतो. दोन्ही वेळी स्पष्टीकरण देण्याऐवजी ‘उरले’ हा रकाना पुन्हा वाचायला लावणे उपयुक्त ठरते.

## वाचनोत्तर टप्पा

दुसऱ्या तासिकेच्या आरंभी शीर्षक सुचवण्यास सांगितले जाते आणि नंतर मूळ शीर्षक उघड केले जाते. शरीराच्या एका अवयवाचे नाव येथे का योजले असावे, या चर्चेतून घराची पडझड आणि माणसाचे न मोडणे यांतील विरोध पुढे येतो. त्यानंतर प्रत्येक जण वहीतील दोन ओळी काढून आपली अपेक्षा आणि पाहुण्याची अपेक्षा यांतील साम्य किंवा अंतर लिहितो. गप्प राहिलेल्या शिक्षकाच्या मनातील विचार एका परिच्छेदात लिहिणे, हाही एक स्वाध्याय होऊ शकतो.

रसग्रहण हे लेखन सर्वांत शेवटी येते. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेच्या मराठी प्रश्नपत्रिकेत त्यावर प्रश्न विचारला जात असल्याने मार्गदर्शक पुस्तकांतील तयार वाक्ये उतरवण्याची प्रवृत्ती आढळते. ती ओळखण्याची एक साधी कसोटी आहे: लिहिलेले वाक्य दुसऱ्या एखाद्या कवितेलाही जसेच्या तसे लागू पडते का? पडत असल्यास विद्यार्थ्याने त्याला या कवितेतील एखाद्या शब्दाचा किंवा कृतीचा आधार जोडावा, अशी अपेक्षा असते.

## मर्यादा

ही मांडणी प्रामुख्याने वाचून समजून घ्यावयाच्या कवितांना अनुकूल आहे. ओवी, अभंग किंवा बालगीत यांत चाल आणि नाद आधी येतात. तेथे गायनाने प्रारंभ करून शब्दांची चर्चा मागाहून करणे योग्य ठरते. जिच्यात एखादी घटना किंवा वळण नाही, अशा वर्णनपर कवितेत मध्येच थांबून अंदाज विचारणे निरर्थक होते. एकच तासिका उपलब्ध असल्यास वाचनपूर्व चर्चा आखडती घेता येते. दुसरे वाचन गाळल्यास मात्र विद्यार्थ्यांना कवितेऐवजी तिचा सारांशच मिळतो.