पाच ग्रॅमचा भाव

सरकारी सुवर्णरोख्यांची विक्री नोव्हेंबर 2015मध्ये सुरू झाली आणि शेवटची मालिका फेब्रुवारी 2024मध्ये आली. आता हे रोखे हवे असतील तर शेअर बाजारात दुसऱ्या कुणाकडून तरी ते विकत घ्यावे लागतात. एक रोखा म्हणजे एक ग्रॅम सोने. सोन्याचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे रोख्यासाठी किती मोजायचे याचाही अंदाज असतो. तरीही एकाच दिवशी, एकाच रोख्यासाठी दोघांना बरीच वेगळी किंमत पडू शकते.

याचे कारण बाजाराच्या रचनेत आहे. सरकारने अनेक मालिका काढल्या आणि बाजारात प्रत्येक मालिकेची नोंद वेगळी आहे. सोने एकच असले तरी घेणारे-विकणारे असे मालिकांमध्ये विभागले गेले. शिवाय आठ वर्षांची मुदत संपेपर्यंत रोखे सांभाळून ठेवणारेच जास्त. त्यामुळे काही मालिकांत दिवसभरात अगदी थोडे व्यवहार होतात.

अशा मालिकेचे ‘मार्केट डेप्थ’ ट्रेडिंग ॲपवर उघडले की दोन याद्या दिसतात. एकीकडे खरेदीदारांनी देऊ केलेले भाव, म्हणजे ‘बिड’. दुसरीकडे विकणाऱ्यांनी मागितलेले भाव, म्हणजे ‘आस्क’. समजा, सर्वात चढी बिड 11,900 रुपये आणि सर्वात उतरता आस्क 12,000 रुपये आहे. मधले शंभर रुपये म्हणजे ‘स्प्रेड’. सराफाकडे सोने घेतानाचा आणि मोडतानाचा भाव वेगळा असतो, तसेच हे. आता घेऊन लगेच विकले तर ग्रॅममागे शंभर रुपये गेले. दलाली आणखी वेगळी. मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये हेच अंतर बहुधा काही पैशांचे असते, कारण तिथे क्षणोक्षणी नवे गिऱ्हाईक येते. इथे भाव लावून बसणाऱ्याला तासन्‌तास थांबावे लागते आणि तेवढ्यात सोने वर-खाली होऊ शकते. तो धोका तो आपल्या भावात धरतो.

आता यादी पूर्ण पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. 12,000 रुपयांना फक्त 5 ग्रॅम विकायला आहेत. त्यानंतर 12,060ला 10, 12,150ला 8, 12,300ला 12 आणि 12,600ला 40 ग्रॅम.

एका गुंतवणूकदाराला 50 ग्रॅम हवे आहेत आणि तो ‘मार्केट ऑर्डर’ टाकतो. या ऑर्डरचा अर्थ, मिळेल त्या भावाने पण आत्ता द्या. संगणक स्वस्तातल्या विक्रेत्यापासून सुरुवात करतो आणि पन्नास पूर्ण होईपर्यंत यादीत वर चढत जातो. पहिल्या चार ओळींत 35 ग्रॅम मिळतात, उरलेले 15 थेट 12,600ने. एकूण खर्च 6,14,400 रुपये. ग्रॅमला सरासरी 12,288. समोर दिसणाऱ्या 12,000च्या भावाने हिशेब केला असता तर सहा लाख झाले असते. घाईची किंमत 14,400 रुपये पडली. शिवाय आता ‘शेवटचा भाव’ म्हणून 12,600 झळकेल आणि रोखा वधारल्यासारखा वाटेल, सोने मात्र जागच्या जागीच असेल.

दुसऱ्याने याच यादीवर 12,060 रुपयांची ‘लिमिट ऑर्डर’ टाकली असती, तर यापेक्षा जास्त एक पैसाही गेला नसता. पहिले 15 ग्रॅम लगेच मिळाले असते आणि उरलेल्या 35ची मागणी 12,060च्या बिडच्या रूपाने यादीत सर्वात वर उभी राहिली असती. विकायला आलेल्याला 11,900ऐवजी हा गिऱ्हाईक आधी दिसतो, म्हणून तो सौदा करण्याची शक्यता वाढते.

पण लिमिट ऑर्डरलाही मर्यादा आहेत. कुणी आलेच नाही तर नेहमीची, दिवसापुरती ऑर्डर बाजार बंद होताना रद्द होते. सोने चढले तर आपण मागे राहतो. उलट, ते अचानक घसरले आणि आपण ऑर्डर बदलली नाही, तर नेमके तेव्हाच कुणीतरी जुन्या, महाग भावाने आपल्याला रोखे विकून जातो.

म्हणून आधी शेवटचा सौदा किती वाजता झाला, दिवसभरात किती ग्रॅमची उलाढाल झाली आणि आपल्याला हवी तेवढी संख्या कोणत्या ओळीपर्यंत पुरते, हे पाहावे. सकाळी झालेला एका ग्रॅमचा सौदा दुपारी पन्नास ग्रॅम घेणाऱ्याला काहीच सांगत नाही. विकणाऱ्याला हाच त्रास उलट दिशेने होतो. बिडची यादी उतरत जाते. रोख्याला पाच वर्षे झाली असतील तर व्याजाच्या तारखेला तो रिझर्व्ह बँकेकडे मुदतीआधी परत करता येतो. तिथे आधीच्या तीन कामकाजी दिवसांच्या सोन्याच्या सरासरी भावाने पैसे मिळतात आणि पन्नास ग्रॅम असले तरी भाव पहिल्या ग्रॅमचाच राहतो.