एक नंबरच्या प्रोसेसचं न केलेलं काम

बिलांचे पीडीएफ बनवून देणारी एक सेवा आहे असं धरा. ग्राहकाने बटण दाबलं की नोडमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम पडद्याविना चालणारा क्रोम ब्राउझर उघडतो, बिलाचं पान त्यात रंगवून घेतो, पीडीएफ काढतो आणि क्रोम बंद करतो. सगळं एका डॉकर कंटेनरमध्ये. सोमवारी सेवा सुरू होते, ठीक चालते. गुरुवारी दुपारी एकाएकी पीडीएफ निघेनासे होतात. मेमरीचा आलेख सपाट आहे, प्रोसेसर जवळपास रिकामा बसलाय, डिस्कवर जागा आहे. लॉगमध्ये मात्र `spawn EAGAIN` ही एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. कोणीतरी कंटेनर रीस्टार्ट करतं, सगळं सुरळीत होतं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

या दुखण्यात संपलेली असते ती प्रोसेसना द्यायच्या क्रमांकांची जागा. ती अडवून बसलेल्या असतात मेलेल्या प्रोसेस.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक असतो, पीआयडी, आणि प्रत्येकीला एक पालक असतो: जिने तिला जन्म दिला ती प्रोसेस. मूल काम संपवून `exit` करतं तेव्हा कर्नल त्याची मेमरी, उघड्या फायली, नेटवर्कच्या जोडण्या लगेच काढून घेतो. पण त्याची नोंद पुसत नाही. मूल नीट संपलं की चुकून कोसळलं, त्याने प्रोसेसरचा किती वेळ घेतला, हे पालकाला विचारायचं असू शकतं. पालक `wait` किंवा `waitpid` हाक मारतो, उत्तर घेतो, मगच नोंद पुसली जाते आणि क्रमांक मोकळा होतो. तोवर ते मूल झोंबी. घरातलं माणूस गेलं तरी रेशनकार्डावरचं नाव कोणी अर्ज करेपर्यंत तसंच राहतं, तितकाच याचा अर्थ. झोंबी काही चालवत नाही, काही खात नाही, फक्त एक ओळ अडवतो. 1979 सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्येही या अवस्थेला `SZOMB` असं नाव होतं, म्हणजे हा काही बिघाड नाही. निरोगी यंत्रावरही क्षणभर झोंबी दिसतात आणि जातात. काळजी करायची ती न जाणाऱ्यांची.

झोंबीला `kill -9` मारून उपयोग नाही, कारण मारायला काही उरलेलंच नसतं. अनुभवी माणसंही घाईत हे करून पाहतात, म्हणून सांगितलं.

आता पालकच मुलाआधी मेला तर? मूल अनाथ होतं आणि कर्नल त्याला बहुधा एक क्रमांकाच्या प्रोसेसच्या ओटीत घालतो. साध्या यंत्रावर एक क्रमांक म्हणजे इनिट, हल्ली बहुतेक ठिकाणी सिस्टमडी. अनाथांना सांभाळणं आणि ती मेली की `wait` करून त्यांची नोंद पुसणं हे तिच्या ठरलेल्या कामांपैकी एक. ती ते इतकं चोख करते की बहुतेक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना या कामाची आठवणही राहत नाही.

कंटेनरमध्ये हीच सोय नाहीशी होते. कंटेनरला स्वतःचं वेगळं क्रमांकविश्व असतं, आणि त्यात जी प्रोसेस पहिल्यांदा सुरू होते तीच तिथली एक नंबर. आपल्या उदाहरणात ती आहे नोड. बाहेरून बघता तिचा क्रमांक 48213 असेल, पण आत ती 1 आहे, आणि आतल्या सगळ्या अनाथ प्रोसेस तिच्याकडेच येतात. नोडच्या खाली प्रोसेस सांभाळणारी लिबयूव्ही नावाची लायब्ररी आहे. एखादं मूल संपल्याचा इशारा आला की ती फक्त स्वतः सुरू केलेल्या मुलांची यादी चाळते आणि त्या क्रमांकांसाठीच `waitpid` करते. जे मूल आपण जन्माला घातलंच नाही त्याची ती चौकशी करत नाही. एरवी हे शहाणपणाचंच आहे. लायब्ररीने ओळखीपाळखीशिवाय दिसेल त्या मुलाची नोंद पुसली, तर त्याच प्रोग्रॅमचा दुसरा भाग ज्याच्या उत्तराची वाट बघत बसलाय त्याला ते कधीच मिळणार नाही. म्हणजे नोडने चूक केली असंही म्हणता येत नाही. ज्या पदाचं काम तिला कधी शिकवलंच नव्हतं, त्या पदावर आपण तिला बसवलं.

आणि क्रोम अनाथ मुलं मागे ठेवण्यात पटाईत. तो एकटा कधीच नसतो. मुख्य प्रोसेस काही मदतनीस काढते, त्यातले काही पानं रंगवणाऱ्या प्रोसेसना जन्म देतात, कोसळल्याची नोंद घेणारी आणखी एक वेगळी असते. नोडने मुख्य प्रोसेस बंद केली की तिची नोंद नोड पुसतो, ती त्याच्या यादीत असते. पण नातवंडं मागाहून संपतात, तोवर अनाथ होऊन नोडच्या ओटीत आलेली असतात, आणि तिथे त्यांना विचारणारं कोणी नसतं.

डॉकर असलेल्या कोणत्याही यंत्रावर हे घडवून बघता येतं, क्रोम लागत नाही. इथे एक नंबर म्हणून `sleep` ठेवला आहे, जो बापडा कोणासाठीच `wait` करत नाही:

```
docker run -d --name namuna alpine sleep 3600
docker exec namuna sh -c 'sleep 2 &'
sleep 5
docker exec namuna ps -o pid,ppid,stat,args
```

दुसऱ्या ओळीतल्या `sh` ने दोन सेकंदांचं एक मूल काढलं आणि स्वतः निघून गेला. मूल एक नंबरकडे आलं, दोन सेकंदांनी संपलं. शेवटच्या यादीत `[sleep]` अशी एक ओळ दिसेल, अवस्थेच्या रकान्यात `Z` आणि पालकाच्या रकान्यात 1. अर्धा तास थांबलात तरी ती तिथेच असेल. दुसरी ओळ पुन्हा चालवा, आणखी एक वाढेल. पहिल्या ओळीत `run` नंतर `--init` घालून सगळं नव्याने केलंत तर यादीत झोंबी सापडणार नाही.

आता हिशोब. समजा एका पीडीएफमागे चार झोंबी उरतात, आणि कंटेनरला 1024 ची मर्यादा घातलेली आहे. ही मर्यादा कर्नलच्या `pids` नियंत्रकाने लावली जाते आणि तिच्या मोजणीत झोंबीही धरले जातात. अडीचशे पीडीएफ झाले की हजार जागा मेलेल्यांनी भरल्या. प्रत्यक्षात सेवा त्याच्याही आधी बंद पडते, कारण ही मोजणी थ्रेडही धरते आणि क्रोमला नुसतं उभं राहायलाच बरेच थ्रेड लागतात. मर्यादाच घातलेली नसेल तर त्रास उशिरा होतो पण जास्त पसरतो. कंटेनरमधल्या प्रत्येक प्रोसेसला बाहेरच्या यंत्रावरचाही एक क्रमांक लागतो, आणि ते पूर्वापार 32768 पर्यंतच असत. नव्या 64 बिटी यंत्रांवर ही हद्द बहुधा 41,94,304 असते, पण ती लहान असेल तिथे एका कंटेनरचे झोंबी शेजारच्या निर्दोष कंटेनरांचीही वाट अडवतात. म्हणून मर्यादा घातलेली बरी, असं माझं मत. सेवा लवकर पडते, पण जिचा दोष तीच पडते.

हे ओळखणं अवघड का जातं, तर लक्षणं दुसरीकडेच बोट दाखवतात. `EAGAIN` चा शब्दशः अर्थ थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा एवढाच, त्यात झोंबींचा उल्लेख नाही. जावाचा प्रोग्रॅम असेल तर तो `OutOfMemoryError: unable to create native thread` म्हणतो, आणि मग लोक दिवसभर मेमरी वाढवत बसतात. मर्यादा पुरती भरली की कंटेनरच्या आत शिरायचा प्रयत्नही त्याच भिंतीवर आपटतो, कारण आत शिरणं म्हणजे आणखी एक प्रोसेस. तेव्हा बाहेरच्या यंत्रावरूनच बघावं लागतं:

```
ps -eo pid,ppid,stat,comm | awk '$3 ~ /^Z/'
```

इथे दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, पालकाचा क्रमांक. तो ज्या प्रोसेसचा आहे ती कंटेनरची एक नंबर आहे का ते बघायचं, आणि असेल तर झोंबी तिची स्वतःची मुलं आहेत की नातवंडं. अनोळखी नातवंडं साचली असतील तर वर सांगितलेला प्रकार, आणि त्यावर उपाय सोपा आहे. पण एखादा प्रोग्रॅम स्वतः मुलं काढतो, जिवंत राहतो आणि त्यांच्यासाठी `wait` करत नाही, असं असेल तर तो कोडमधला दोष आहे. तिथे दुसरी कोणतीही प्रोसेस मदत करू शकत नाही, कारण जिवंत पालकाच्या मुलाची नोंद पुसायचा हक्क त्या पालकाकडेच असतो. हे दोन प्रकार न ओळखता सगळीकडे एकच औषध लावणारे बरेच दिसतात, आणि मग औषधालाच नावं ठेवतात.

पहिल्या प्रकारावरचं औषध म्हणजे एक छोटी इनिट प्रोसेस. टिनी नावाचा असा प्रोग्रॅम आहे, येल्प कंपनीतून आलेला डंब-इनिट हा दुसरा. टिनी एक नंबर होते, तुमच्या प्रोग्रॅमला मूल म्हणून सुरू करते, आणि नंतर कोणीही अनाथ आलं तरी संपल्यावर त्याची नोंद पुसते. बंद होण्याचे सिग्नलही ती मुलाकडे पोचवते. त्यामुळे ज्या कंटेनरला `docker stop` म्हटल्यावर दहा सेकंद थांबून शेवटी जबरदस्तीने मारावं लागतं, तोही बऱ्याचदा चटकन बंद होऊ लागतो. इमेजमध्ये टिनी बसवलेली असेल तर एक ओळ पुरते. तिची जागा मात्र इमेजगणिक वेगळी असते, अल्पाइनमध्ये ती अशी:

```
ENTRYPOINT ["/sbin/tini", "--"]
CMD ["node", "server.js"]
```

कुबरनेटिसमध्ये `--init` सारखं काही बटण नाही. तिथे एकतर टिनी इमेजमध्येच घालायची, किंवा पॉडच्या वर्णनात `shareProcessNamespace: true` लिहायचं. मग पॉडमधले सगळे कंटेनर एकच क्रमांकविश्व वापरतात आणि `pause` नावाचा तिथला छोटा कंटेनर एक नंबर होऊन अनाथांची नोंद पुसतो. त्याची किंमत अशी की त्या पॉडमधले कंटेनर एकमेकांच्या प्रोसेस बघू शकतात, आणि हे प्रत्येकाला चालेलच असं नाही.

रीस्टार्टने गाडी दर वेळी रुळावर का येते तेही यातच आहे. एक नंबर मेली की कर्नल त्या क्रमांकविश्वातल्या सगळ्या प्रोसेस मारतो आणि साचलेले झोंबीही स्वतःच पुसतो. म्हणून रीस्टार्टने दुखणं बरं झाल्यासारखं वाटतं आणि कारण कोणी शोधत नाही. डॉकरने 1.13 आवृत्तीत, 2017 च्या जानेवारीत, टिनी स्वतःबरोबरच द्यायला सुरुवात केली आणि `--init` हा पर्याय आणला. कंपोजच्या फाइलमध्ये त्यालाच `init: true` लिहितात. पण तो आजही आपोआप लागू होत नाही, सांगावाच लागतो.