मानेचा रंग चेहऱ्यावर

लग्नाच्या ग्रुप फोटोत काकांचे डोळे मिटलेले असतात. दुपारी अंगणात काढलेल्या फोटोतला त्यांचाच चेहरा फोटोशॉपमध्ये तिथे बसवला, की तो निळसर आणि सपाट दिसतो, कारण मांडवातला प्रकाश पिवळा आणि डावीकडून येणारा आहे.

आधी उजेड जुळवावा. वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर ठेवला, की गाल आणि मान यांतला फरक लगेच कळतो. तो कर्व्ह्जने मिटवायचा. हे टाळून चालत नाही. कलर मोड फक्त रंगछटा आणि तिचा गडदपणा बदलतो, उजेड-अंधार खालच्या चेहऱ्याचाच राहतो. म्हणून काळवंडलेला चेहरा कलरने उजळत नाही.

मग चेहऱ्याला क्लिप केलेल्या नव्या लेयरवर मानेच्या उजळ भागातून उचललेला रंग भरायचा, मोड कलर, आणि अपारदर्शकता चेहरा मानेशी जुळेपर्यंत कमी करायची. डोळ्यांची बुबुळे आणि दात पिवळे पडले तर मास्कने तेवढा भाग वगळावा.

सावलीसाठी मल्टिप्लाय. हा मोड फक्त गडद करतो. इथे काळा रंग घेतला की त्वचा राखेसारखी, मेलेली दिसते. हनुवटीखालच्या खऱ्या सावलीतला तांबूस तपकिरी रंगच घ्यावा आणि मऊ ब्रशने उजव्या गालावर, नाकाच्या उजव्या कडेला हलकेच फिरवावा.

उरलेला उठाव सॉफ्ट लाइटचा. पन्नास टक्के करड्या लेयरवर डाव्या गालाच्या हाडावर पुसट पांढरा फिरवला, की सपाटपणा जातो. मात्र मूळ फोटोत नाकाची सावलीच डावीकडे पडली असेल, तर यातला एकही मोड ती हटवत नाही. दुसरा फोटो शोधावा लागतो.